दहा एका ओळीत, किलो दुसऱ्या ओळीत

जीवामृताचं एक पत्रक माझ्यासमोर प्रुफासाठी आलं होतं. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी या कृतीचा प्रसार केला, आणि नैसर्गिक शेतीच्या वाटेला गेलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकऱ्यांना ती तोंडपाठ आहे. पत्रक मात्र नवख्या माणसासाठी होतं. वहीच्या अर्ध्या पानाएवढा कागद, अक्षर मोठं, भाषा सोपी. शुद्धलेखनाच्या दोन-तीन चुका मी दुरुस्त केल्या आणि सही करण्यापूर्वी सवयीने एकदा मोठ्याने वाचायला घेतलं. मधल्या परिच्छेदापाशी अडखळलो. तो असा दिसत होता:

२०० लिटरच्या पिंपात पाणी घ्यावे. त्यात १०
किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २
किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची
मूठभर माती घालावी.

मजकुरात एकही चूक नाही. आकडे बरोबर, मापं बरोबर, शब्द बरोबर. तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीची सुरुवात पाहा: ‘किलो ताजे शेण’, ‘किलो गूळ’. मराठीत एकटा ‘किलो’ म्हणजे एक किलो. दुकानात आपण ‘किलो साखर द्या’ म्हणतो, तेव्हा दुकानदार ‘किती किलो?’ असं विचारत नाही. ‘लिटर दूध’, ‘एकर जमीन’, ‘महिना झाला’, ‘तास गेला’ ही सगळी एकाचीच मापं आहेत, फक्त तो ‘एक’ आपण उच्चारत नाही. त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला आलेलं ‘किलो गूळ’ हे अर्धवट तुटलेलं वाक्य वाटत नाही. ते पूर्ण, अर्थाचं आणि चुकीचं माप वाटतं. पिंपाशेजारी उभं राहून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पत्रक धरून वाचणारा माणूस प्रत्येक वेळी परिच्छेद पहिल्यापासून वाचत नाही. आता गूळ किती, एवढंच तो शोधतो. त्याची नजर ‘गूळ’ या शब्दावर जाते, त्याच्या मागे ‘किलो’ दिसतो, आणि खरा ‘२’ मात्र वरच्या ओळीच्या अगदी टोकाला, गोमूत्राशेजारी अडकलेला असतो.

म्हणूनच संख्या आणि तिचं एकक एकाच ओळीत ठेवणं ही मला केवळ दिसण्याची बाब वाटत नाही. इतर भाषांतही असा तुटलेला आकडा खटकतो, वाचणाऱ्याला क्षणभर थांबवतो. मराठीत तो चुकीचं वाचायला लावू शकतो. यावरचा उपाय आपल्या प्रत्येकाच्या कीबोर्डवर आहे आणि तो शिकायला पाच मिनिटं पुरतात. तरीही माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात तो वापरलेला मला क्वचितच दिसतो.

आधी हे होतं कसं ते पाहू. वर्डसारखा प्रोग्राम ओळीत एकेक शब्द भरत जातो. एखादा शब्द समासापर्यंत मावत नसेल, तर त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेपाशी तो ओळ संपवतो आणि तो शब्द खाली उतरवतो. मोकळी जागा दिसली की तिथे ओळ तोडायला परवानगी आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं. ‘ताजे’ आणि ‘शेण’ यांच्या मधली जागा आणि ‘१०’ आणि ‘किलो’ यांच्या मधली जागा यांत त्याला काहीच फरक दिसत नाही, कारण आपण दोन्हीकडे तीच स्पेस दाबलेली असते. खिळ्यांच्या छपाईच्या काळी कंपोझिटर प्रत्येक ओळ हाताने जुळवायचा. ओळ भरत आली की शब्दांमधल्या पट्ट्या कमी-जास्त करून ती नेमकी बसवायचा, आणि त्या क्षणी ओळीच्या शेवटी काय आलंय ते त्याच्या डोळ्यांसमोर असायचं. आकडा टोकाला लोंबकळतोय असं दिसलं तर तो तिथेच सुधारू शकत होता. आज ओळीचा शेवट कुणी ठरवत नाही, तो आपोआप पडतो. आणि तो एकदाच पडत नाही. फॉन्ट बदलला, अक्षर एका पॉइंटने मोठं केलं, पानाचा आकार बदलला, वरच्या वाक्यात एक शब्द वाढवला, की खालच्या सगळ्या ओळी नव्याने तुटतात.

यामुळेच बहुतेक जण करतात तो पहिला उपाय टिकत नाही. ओळीच्या शेवटी ‘१०’ दिसला की ते त्याच्या आधी एंटर दाबतात. पडद्यावर लगेच बरं दिसतं. मग कुणीतरी फॉन्ट बदलतं, ओळी सरकतात, आणि तो एंटर परिच्छेदाच्या मध्यात येतो. ‘त्यात’ या शब्दावर ओळ अर्ध्यातच संपते आणि पुढचा मजकूर नव्या परिच्छेदासारखा सुरू होतो. एका स्मरणिकेच्या कामात असे चाळीस-पन्नास एंटर मला हाताने काढावे लागले होते. ज्याने ते दाबले त्याने प्रत्येक वेळी काळजीनेच दाबले होते.

दुसरा उपाय म्हणजे मधली जागाच काढून टाकणं: १०किलो, २००लिटर. याने ओळ तुटत नाही हे खरं. पण वाचताना आकडा आणि अक्षर एकमेकांत घुसतात. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीचा नियमही याच्या विरुद्ध आहे. पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय वजन-मापे संस्थेच्या पुस्तिकेत हा नियम स्पष्ट आहे: आधी संख्या, मग एकक, आणि दोघांच्या मध्ये जागा. अपवाद फक्त कोनाच्या अंश, मिनिट आणि सेकंद यांच्या चिन्हांचा, ती आकड्याला चिकटून येतात. तापमानाच्या °C आधीसुद्धा जागा हवी. नियम मुळात चिन्हांसाठी आहे, पण ‘किलो’ आणि ‘लिटर’ असे पूर्ण शब्द लिहिताना तर मध्ये जागा सोडण्यावाचून पर्यायच नाही. जागा हवी, फक्त ती तुटायला नको.

अशी जागा आहे. तिला नॉन-ब्रेकिंग स्पेस म्हणतात, आपण तिला न तुटणारी जागा म्हणू. दिसायला ती नेहमीच्या स्पेससारखीच, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगळं अक्षर आहे. युनिकोडमध्ये साध्या स्पेसचा क्रमांक 0020 आहे आणि हिचा 00A0. ओळ कुठे तोडावी याचे युनिकोडचे जे नियम आहेत, त्यांत प्रत्येक अक्षराला एक वर्ग दिलेला आहे. या जागेचा वर्ग आहे ‘ग्लू’, म्हणजे डिंक. तिच्या अलीकडे ओळ तोडायची नाही आणि पलीकडेही नाही. ‘१०’ आणि ‘किलो’ यांच्यामध्ये ती असेल तर प्रोग्राम दोघांना मिळून एकच शब्द समजतो. मावले तर दोघं वर राहतात, नाही मावले तर दोघं मिळून खाली येतात.

ती टाकायची कशी? विंडोजवरच्या वर्डमध्ये आणि लिबरऑफिस रायटरमध्येही आकडा लिहिल्यावर नुसती स्पेस न दाबता Ctrl+Shift+Space दाबायचं आणि एकक लिहायचं. मॅकवर Option+Space. काही जणांच्या संगणकावर मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं आणि तेच या कळा स्वतःकडे घेतं. मग काहीच होत नाही, किंवा भाषा बदलते. तेव्हा वर्डच्या Insert मेनूत Symbol, त्यात More Symbols आणि तिथल्या Special Characters या पानावर Nonbreaking Space नावाने ती मिळते. गूगल डॉक्समध्ये Insert मेनूतल्या Special characters मध्ये जाऊन शोधाच्या चौकटीत 00A0 लिहिलं की ती समोर येते. एकदा टाकली की पुढे तीच कॉपी करून हवी तिथे चिकटवता येते.

पडद्यावर दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात, म्हणून आपण नेमकी कोणती टाकली हे ओळखता आलं पाहिजे. वर्डमध्ये Home पानावर ¶ असं एक बटण असतं. ते दाबलं, किंवा Ctrl+Shift+8 दाबलं, की मजकुरातल्या अदृश्य खुणा दिसू लागतात. साधी स्पेस असेल तिथे ओळीच्या मध्यावर बारीक ठिपका दिसतो. न तुटणारी जागा असेल तिथे अंशाच्या चिन्हासारखं छोटं पोकळ वर्तुळ दिसतं. या खुणा छापल्या जात नाहीत. लिबरऑफिसमध्ये अशा जागेमागे राखाडी पट्टी दिसते. ठिपका म्हणजे इथे ओळ तुटू शकते आणि वर्तुळ म्हणजे तुटणार नाही, एवढं लक्षात ठेवलं की पान तपासणं फार सोपं होतं.

पुन्हा त्या पत्रकाकडे जाऊ. उरलेला मजकूर असा होता: ‘मिश्रण सावलीत ४८ तास ठेवावे. एका एकराला २०० लिटर जीवामृत पुरते.’ म्हणजे एकूण मजकुरात आकडा आणि एकक यांच्या जोड्या सात. तीन वेळा लिटर, तीन वेळा किलो आणि एकदा तास. सात जागा हाताने बदलता आल्या असत्या. पण याच गटाची चाळीस पानांची पुस्तिका पुढे यायची होती, म्हणून मी ते Find and Replace ने केलं. वर्डमध्ये Ctrl+H दाबलं की ही चौकट उघडते. वरच्या खान्यात एक साधी स्पेस आणि तिला लागून ‘किलो’ लिहायचं. खालच्या खान्यात स्पेसऐवजी ^s आणि पुढे ‘किलो’. वर्डच्या भाषेत ^s म्हणजे न तुटणारी जागा.

```
Find what:     किलो      (आधी एक साधी स्पेस)
Replace with: ^sकिलो
```

Replace All दाबल्यावर वर्ड किती ठिकाणी बदल केला ते सांगतो. ‘किलो’साठी तीन, ‘लिटर’साठी तीन. माझ्या मोजणीशी जुळलं. इथे मराठीचा एक गुण कामाला येतो. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या शेवटी जोडून येतो, त्यामुळे ‘लिटर’ शोधलं की ‘लिटरच्या’, ‘लिटरला’, ‘लिटरमध्ये’ हे सगळे त्यात सापडतात. मात्र त्या चौकटीतला Find whole words only हा पर्याय चालू असेल, तर ‘लिटरच्या’ सुटण्याची शक्यता असते. तो बंदच ठेवायचा.

पण हाच गुण दुसऱ्या बाजूने त्रासही देतो, आणि मोठ्या मजकुरात लोकांची गडबड होते ती इथेच. चाळीस पानांच्या पुस्तिकेत ‘तास’ हा शब्द मी याच पद्धतीने बदलला असता, तर ‘द्राक्षं तासगावची’ यातलं तासगावही मागच्या शब्दाला चिकटलं असतं. ‘मी’ हे मीटरचं लघुरूप बदलायला गेलं तर फारच मोठा घोटाळा होतो, कारण मजकुरात जिथे जिथे एखाद्या माणसाने ‘मी’ म्हटलेलं आहे तिथे तिथे तो मागच्या शब्दाशी बांधला जातो. आणि त्यामागोमाग मीठ, मीपण, मीमांसा. यातलं काही पडद्यावर दिसत नाही. फक्त ओळी विचित्र तुटू लागतात, उजवी कड ओबडधोबड होते, आणि कारण कळत नाही.

अशा शब्दांसाठी वर्डला सांगावं लागतं की आधी आकडा असेल तरच बदल कर. त्याच चौकटीत More दाबून Use wildcards हा पर्याय चालू करायचा आणि असं लिहायचं:

```
Find what:    ([०-९]) (तास)
Replace with: \1^s\2
```

चौकोनी कंसातल्या खुणेचा अर्थ, शून्य ते नऊमधला कोणताही एक अंक. त्याच्यापुढे साधी स्पेस, मग ‘तास’. खालच्या ओळीत \1 म्हणजे पहिल्या गोल कंसात जे सापडलं ते जसंच्या तसं, आणि \2 म्हणजे दुसऱ्या कंसातलं. दोघांच्या मधली जागा तेवढी बदलते. मजकुरात आकडे इंग्रजी असतील तर कंसात 0-9 लिहायचं. दोन्ही प्रकारचे असतील, आणि आपल्याकडे अनेकांच्या मजकुरात ते तसे असतात, तर दोन वेळा बदल करायचा. Replace All दाबण्यापूर्वी Find Next ने दोन-तीन ठिकाणं बघून घ्या. लिबरऑफिसमध्ये Regular expressions हा पर्याय चालू केला की वरची ओळ हीच चालते. खालच्या खान्यात मात्र `$1` आणि `$2` लिहायचं आणि त्यांच्या मध्ये न तुटणारी जागा प्रत्यक्ष कॉपी करून चिकटवायची.

एवढं करूनही एक आकडा तुटलेलाच राहिला, असं पुस्तिकेच्या कामात झालं. खुणा चालू करून पाहिलं तर ‘१०’ नंतर एक ठिपका आणि त्याला लागून वर्तुळ. टाइप करणाऱ्याने तिथे दोनदा स्पेस दाबली होती. ‘किलो’ला लागून असलेली जागा बदलली, आकड्याला लागून असलेली साधीच राहिली, आणि ओळ नेमकी तिथे तुटली. तेव्हापासून कोणत्याही मजकुरात आधी दोन स्पेसच्या जागी एक स्पेस करून घेतो आणि मगच पुढचं काम सुरू करतो.

आता ‘५ ते १० लिटर’चं पाहू. इथे सगळंच एकत्र बांधायचा मोह होतो, पण मी तसं करत नाही. ‘५’ ओळीच्या शेवटी आणि ‘ते १० लिटर’ खाली, असं झालं तर वरचा ५ अनाथ होतो. त्याऐवजी ‘५ ते’ वर आणि ‘१० लिटर’ खाली आलं तर वाचणारा ‘ते’वर थांबत नाही. पुढे दुसरा आकडा येणार हे त्याला तो शब्दच सांगतो. म्हणून ‘५’ आणि ‘ते’ बांधायचे, ‘१०’ आणि ‘लिटर’ बांधायचे, आणि मधली जागा मोकळी सोडायची. पत्रकात अशा रीतीने सातात एकाची भर पडून आठ न तुटणाऱ्या जागा झाल्या. ‘ते’ऐवजी आडवी रेघ वापरली, ५-१० अशी, तर त्या रेघेपाशीही ओळ तुटू शकते. तिच्यासाठी वर्डमध्ये Ctrl+Shift आणि रेघेची कळ एकत्र दाबली की न तुटणारी रेघ येते. पण शेतकऱ्यांच्या पत्रकात मी ‘ते’च ठेवतो. कारण घाईत वाचताना ती रेघ कुणाला वजाबाकीची वाटू नये.

रुपयांचं सोपं आहे. ₹ हे चिन्ह आकड्याला चिकटून लिहितात, तिथे तुटायला जागाच नाही. ‘रु. ५००’ असं लिहिलं तर मात्र मधली जागा बांधावी लागते, आणि ‘२ लाख’, ‘३ कोटी’ यांची तर हटकून. ‘किलो’सारखंच ‘लाख रुपये’ म्हणजे मराठीत एक लाख. ‘अनुदान २’ वर आणि ‘लाख रुपये’ खाली, असं पत्रक वाटलं तर निम्म्याच रकमेचा समज होईल.

याची एक मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी. न तुटणारी जागा जितकी जास्त, तितकं ओळी बसवण्याचं स्वातंत्र्य कमी. पूर्ण पानाच्या रुंदीत ते जाणवत नाही. दोन किंवा तीन स्तंभांच्या अरुंद मांडणीत, तेही दोन्ही कडा सरळ केलेल्या असतील तर, लगेच जाणवतं. ‘१५ किलोमीटरपर्यंतच्या’ हा बांधलेला तुकडा ओळीत मावला नाही की तो पूर्ण खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेल्या तीन शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. तिथे दोन मार्ग असतात. एक, तो परिच्छेद डावीकडूनच सरळ ठेवायचा आणि उजवी कड मोकळी सोडायची. दुसरा, वाक्य थोडं बदलायचं. मी बहुतेक वेळा वाक्य बदलतो. अरुंद तक्त्याच्या खान्यात तर बांधलेला तुकडा खान्यापेक्षाच लांब असू शकतो, मग वर्ड तो शब्दाच्या मध्येच कुठेतरी तोडतो, आणि ते आणखी वाईट दिसतं. तिथे स्तंभाच्या डोक्यावर ‘वजन, किलो’ असं एकदा लिहून खाली नुसते आकडे द्यावेत.

तक्त्यांच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं, कारण त्यात माझा एकदा अर्धा दिवस गेला होता. न तुटणारी जागा वाचण्याच्या मजकुरासाठी आहे, हिशोबाच्या आकड्यांसाठी नाही. वर्डमधला तक्ता कुणी उचलून एक्सेलमध्ये नेला आणि आकड्याच्या मागेपुढे ही जागा राहिली असेल, तर एक्सेल त्या आकड्याला आकडा न समजता मजकूर समजतो. खाना भरलेला दिसतो, पण SUM ची बेरीज त्याला सोडून पुढे जाते. एक्सेलचं TRIM हे सूत्र फालतू स्पेस काढतं, पण ही जागा ते काढत नाही, कारण तिचा क्रमांक वेगळा आहे. ती आधी साधी करून घ्यावी लागते:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

160 हा 00A0 चाच नेहमीच्या दशमान पद्धतीतला आकडा. हे सूत्रही मजकूरच देतं, आकडा हवा असेल तर ते VALUE च्या कंसात घालावं.

छपाईसाठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलायचा असेल, तर बदलून झाल्यावर दोन-चार जोड्या डोळ्यांनी तपासा. तिथे प्रत्येक फॉन्टची अक्षरांची जागा आपापली असते आणि ही अदृश्य खूण बदलताना टिकेलच असं नाही. टिकली नाही, तर तेवढ्यापुरतं पुन्हा करावं लागतं. एकदा पीडीएफ झाली की मात्र चिंता नाही. तिथे ओळी जिथे तुटल्या तिथेच कायम राहतात, म्हणून शेवटची तपासणी पीडीएफवर करावी आणि फक्त ओळींचे शेवट बघत खाली यावं. पूर्ण वाचत बसलं तर डोळा अर्थाकडे जातो आणि टोकाचा आकडा सुटतो.

पत्रकाचा तो परिच्छेद शेवटी असा छापला गेला:

२०० लिटरच्या पिंपात पाणी घ्यावे. त्यात
१० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र,
२ किलो गूळ, २ किलो बेसन आणि
बांधावरची मूठभर माती घालावी.

पहिली ओळ थोडी आखूड झाली, तिसरीही. ते मला चालतं. तुम्ही शाळेचं परिपत्रक करत असाल, सोसायटीची सूचना, लग्नाच्या स्वयंपाकाची यादी किंवा दवाखान्यात रुग्णाला द्यायचा सूचनांचा कागद, छापायला पाठवण्यापूर्वी एकदा Ctrl+Shift+8 दाबा आणि प्रत्येक आकड्यानंतर ठिपका आहे की वर्तुळ ते बघा. दवाखान्याच्या कागदावर तर प्रत्येक ‘मिली’ आणि ‘ग्रॅम’च्या आधी वर्तुळच दिसलं पाहिजे.